भरले असल्यास दुर्लक्ष करावे

आमच्या सॉफ्टवेअरची महिन्याची वर्गणी ५८८ रुपये ८२ पैसे आहे. ४९९ रुपये किंमत, वर १८ टक्के जीएसटी. हिशेब बायको बघते आणि गेली चार वर्षं ती एकच गोष्ट सांगते आहे, "अहो, ते ब्याऐंशी पैसे काढा की. सरळ पाचशे नव्वद करा. लोक हसतात." लोक हसतात हे खरं आहे. पण मी ते पैसे सोडत नाही. त्याचं कारण कंजूषपणा नाही, हे पुढे कळेलच.

धंदा म्हणाल तर सांगलीत घराच्या मागच्या खोलीत बसून मी खासगी क्लासवाल्यांना फीचं सॉफ्टवेअर विकतो. कुठल्या मुलाने किती फी दिली, किती राहिली, पावती छापा, पालकांना आठवणीचा मेसेज पाठवा, एवढंच ते करतं. म्हणजे दुसऱ्यांची थकबाकी वसूल करून देणं हा माझा व्यवसाय. आणि माझी स्वतःची थकबाकी वसूल करणं हा माझा उरलेला सगळा वेळ.

सुरुवातीला वाटलं होतं की कार्डावर आपोआप पैसे कापायची सोय केली की वसुली हा विषयच संपला. ग्राहकाने एकदा कार्ड द्यायचं, ओटीपी घालून संमती द्यायची, मग दर महिन्याला पैसे आपले आपण येणार. दुधवाल्याच्या कूपनसारखं. प्रत्यक्षात पैसे आपले आपण येत नाहीत. त्यांना बोलवावं लागतं, वाट दाखवावी लागते, आणि ते मध्येच कुणाच्या तरी ओसरीवर बसून राहतात.

रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे की अशी आपोआप कापणी करायच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवलं पाहिजे. नियम चांगला आहे, ग्राहकाला नको असेल तर तो आदल्या दिवशीच अडवू शकतो. १५,००० रुपयांपर्यंतच्या वर्गणीला मग दर वेळी ओटीपी लागत नाही. १ ऑक्टोबर २०२१ पासून आधी कळवण्याचा नियम कडकपणे लागू झाला आणि त्या महिन्यात माझ्यासारख्या कित्येकांच्या कापण्या एकदम थंडावल्या, कारण जुन्या संमत्या नव्या नियमात बसत नव्हत्या. तो महिना मी कसा काढला हे सांगत नाही. त्या कळवण्याबद्दल मात्र सांगितलं पाहिजे.

बँकेचा तो मेसेज इंग्रजीत येतो. त्याचा मतलब असतो, उद्या तुमच्या कार्डावरून ५८८.८२ रुपये कापले जातील. आता क्लासमध्ये साठ पोरं गणितं सोडवत बसलेली असताना खिशातला फोन वाजला, तर माणूस त्या मेसेजमधलं काय वाचतो? बँकेचं नाव वाचतो, आकडा वाचतो आणि फोन परत खिशात टाकतो. 'जातील' हा शब्द कुणीही वाचत नाही. भविष्यकाळाला आपल्याकडे तशीही फारशी किंमत नाही. दुसऱ्या दिवशी कापणी फसते, मी फोन करतो, आणि ऐकू येतं, "अहो, कालच कापलेत की! मेसेज आलाय मला."

'मी भरले आहेत' या वाक्याचा मी आता अभ्यासक झालो आहे. पहिली दोन वर्षं मला वाटायचं की हे वाक्य खोटं असतं. उधारी मागायला गेलं की माणूस जे बोलतो त्यातलंच हे एक. पुढे ध्यानात आलं की हे वाक्य जवळजवळ नेहमी खरं असतं, फक्त काय भरलं, कुणाला भरलं आणि कधी भरलं हे प्रत्येकाचं वेगळं. एकाने कार्ड नोंदवताना तपासणीसाठी कापलेले दोन रुपये म्हणजेच वर्गणी असं धरलं होतं. ते दोन रुपये त्याला परतही मिळाले होते. एका बाईंनी खरोखर ५०० रुपये भरले होते, पण टाळेबंदीत घेतलेल्या व्हिडिओ वर्गाच्या ॲपला. हे ॲप त्यांनी दोन वर्षांत उघडलं नव्हतं आणि त्याचे पैसे मात्र बिनबोभाट कापले जात होते. माझ्यामुळे त्यांना ते कळलं, त्यांनी ते बंद केलं, आणि त्या तिरीमिरीत माझंही बंद केलं.

इथे ते ब्याऐंशी पैसे कामाला येतात. समोरचा म्हणाला की पैसे कापले गेलेत, की मी फक्त विचारतो, "सर, आकडा किती दिसतोय? पैशांसकट सांगा." ५०० म्हणाला तर ते माझे नव्हेत. २ म्हणाला तर तपासणीचे. ५८८.८२ म्हणाला तर मी खुर्चीत सरळ बसतो. सबंध देशात असा वेडावाकडा आकडा कापणारे फार जण नसावेत. गुरांच्या कानाला बिल्ला असतो तसा तो माझ्या पैशांच्या कानाला आहे.

पैसे फसले की बँक त्याचं कारण दोन आकड्यांत कळवते. सगळ्या जगातल्या बँका बहुतेक तेच आकडे वापरतात. ५१ म्हणजे खात्यात शिल्लक नाही. ५४ म्हणजे कार्डाची मुदत संपली. ४३ म्हणजे कार्ड चोरीला गेल्याची नोंद आहे. ९१ म्हणजे बँकेचं यंत्र या क्षणी उत्तर देत नाही. या चौघांशी माझं जमतं, कारण काय दुखतंय ते ते सांगतात. ९१ असेल तर तासाभराने परत जायचं, घरधनी बाहेर गेलेला असतो. ५१ असेल तर दोन-चार दिवसांनी. ५४ आणि ४३ असेल तर त्या दारात पुन्हा जायचंच नाही, शंभर वेळा गेलं तरी मुदत संपलेल्या कार्डाला पालवी फुटत नाही. ग्राहकाकडून नवं कार्डच मागायचं. एकाच कार्डावर किती वेळा धडकावं यालाही मर्यादा आहे. व्हिसावाले ३० दिवसांत १५ फेरप्रयत्नांच्या पुढे जाऊ देत नाहीत. पंधरासुद्धा फारच झाले, माझ्या मते तिसऱ्या खेपेनंतर माणसाने फोन उचलावा.

जमत नाही ते ०५ शी. ०५ चा अर्थ एवढाच की बँकेने हा व्यवहार नाकारला आहे. का, ते नाही. शिल्लक आहे, मुदत आहे, कार्ड खिशात आहे, तरी नाही. लग्नात रुसलेल्या विहीणबाईंना काय झालं म्हणून विचारावं आणि त्यांनी तोंड फिरवून "काही नाही" म्हणावं, तसला हा प्रकार. काही तरी झालेलं असतं हे मांडवातल्या पोराटोरांना कळत असतं. कधी कार्डावर ऑनलाइन व्यवहार बंद केलेले असतात, कधी बँकेच्या संशययंत्राला माझी कापणी खटकलेली असते. ग्राहक बँकेला फोन करतो तर तिथला माणूस सांगतो की आमच्याकडून काही अडचण नाही, दुकानदाराला विचारा. दुकानदार म्हणजे मी. मी काय सांगणार?

त्यात लोकांचा समज असतो की त्यांचं कार्ड माझ्याकडे आहे. ते नाही. १ ऑक्टोबर २०२२ पासून कार्डाचा नंबर दुकानदाराने साठवून ठेवायची सोय उरलेली नाही. माझ्याकडे शेवटचे चार आकडे आणि एक खूण असते, जिला टोकन म्हणतात. हे समजावण्याच्या आतच समोरून सुरू होतं, "घ्या, लिहून घ्या, बेचाळीस, बारा..." आणि मी इकडे फोनवर ओरडतो, "सर, नको! सर, सांगू नका!" एकदा असं ओरडताना शेजारच्या काकू धावत आल्या होत्या.

आता फेरप्रयत्नांच्या वेळापत्रकाकडे येतो. त्याला धंद्यात सगळे रिट्राय म्हणतात, मीही तेच म्हणतो. पहिलं वेळापत्रक मी एका रविवारी बसून केलं. एक तारखेला रात्री बारा वाजून दहा मिनिटांनी कापायचं, फसलं तर दोन तारखेला त्याच वेळी, मग तीनला, मग चारला, आणि पाचला सॉफ्टवेअरला कुलूप. बारा वाजून दहाच का, तर तेव्हा सर्व्हर रिकामा असतो. माझा सर्व्हर रिकामा असतो, याला काय अर्थ आहे? त्या वेळी सरांचं खातंही रिकामंच असतं. शिवाय प्रत्येक फसलेल्या प्रयत्नाला बँक ग्राहकाला मेसेज पाठवते. म्हणजे लागोपाठ चार रात्री बाराच्या ठोक्याला कुणीतरी तुमचं कार्ड खाजवून बघतंय, असं त्या माणसाला दिसायचं. दोघांनी सायबर पोलिसांकडे जायची भाषा केली. त्यांच्या जागी मी असतो तर गेलोच असतो.

आमच्या थोरल्या काकांचं तासगावात किराणा दुकान होतं. 'आज रोख उद्या उधार' ही पाटी होती, आणि पाटीच्या बरोबर खाली उधारीची लाल वही टांगलेली होती. काका महिन्याच्या एक तारखेला कुणाकडेही गेले नाहीत. तासगाव म्हणजे द्राक्षं आणि बेदाणा. ज्याचा बेदाणा सौद्याला गेला त्याच्याकडे सौद्यानंतर चार दिवसांनी जायचं, आदल्या दिवशी नाही आणि महिन्यानेही नाही. नोकरदार असेल तर पगाराच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, तेही चहाच्या वेळी, पाहुणे नाहीत ना हे बघून. कुणाच्या खात्यात कधी पाणी येतं हे त्यांना तोंडपाठ होतं. मी संगणक शिकलो आणि सगळ्या गावाकडे एकाच रात्री बारा वाजता गेलो.

मग मी क्लासवाल्यांचा महिना कसा असतो ते विचारत सुटलो. एक तारखेला जागेचं भाडं जातं. पाचपर्यंत शिकवणाऱ्यांचे पगार आणि गाडीचा हप्ता जातो. पालक फी आणून देतात ती पाच ते दहाच्या दरम्यान, तीही बरीचशी रोख, आणि सर ती बँकेत टाकतात दहाच्या पुढे, वेळ मिळेल तेव्हा. म्हणजे मी जे मागत होतो ते नेमकं खडखडाटाच्या दिवसांत. कापणीची तारीख बारा केली. वेळ सकाळी अकराची केली, म्हणजे फसलं तरी माणूस जागा असतो, बँक उघडी असते आणि मीही आंघोळ करून बसलेलो असतो. फसलं तर चौदाला आणि मग सतराला, बस्स. कुलूप मधल्या काळात लावायचं नाही. संध्याकाळच्या बॅचला पालक रांगेत उभे असताना सरांची पावती अडली तर ते पैसे भरत नाहीत, ते दुसरं सॉफ्टवेअर शोधतात. एवढ्याने महिन्याला पन्नासच्या आसपास येणारे ५१ दहा-बारावर आले. त्या महिन्यात मी बायकोसमोर जरा जास्तच छाती काढून हिंडलो.

आणि मग बार्शीचे सर आले.

हे सर गणित शिकवतात. बारा तारखेला अकरा वाजता त्यांच्या कार्डावरची कापणी फसली, कारण ५१. माझ्या यंत्रणेने त्यांना मेसेज पाठवला, सोबत पैसे भरायची लिंक. अकरा चाळीसला सरांनी ती लिंक उघडली, दुसऱ्या बँकेचं कार्ड घातलं, ओटीपी घातला. पैसे कापल्याचा बँकेचा मेसेज आला. पण पानावर ते गोल गोल फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि शेवटी व्यवहार अयशस्वी असं आलं. सर चांगले माणूस आहेत. त्यांनी ती लिंक घरी पाठवली आणि मॅडमना सांगितलं, तू तुझ्या फोनवरून यूपीआयने भर. मॅडमनी बारा वाजून दोन मिनिटांनी भरले. हिरवी खूण आली. विषय संपला.

तेरा तारखेला सकाळी माझ्या यंत्रणेने सरांना मेसेज पाठवला: 'आपली वर्गणी थकली आहे. भरली असल्यास या संदेशाकडे दुर्लक्ष करावे.' सरांनी दुर्लक्ष केलं. चौदा तारखेला अकरा वाजता रिट्राय झाला. तोवर सरांनी फीची रोकड पहिल्या खात्यात टाकली होती, त्यामुळे तो दणक्यात यशस्वी झाला. लगेच माझा पुढचा मेसेज, 'धन्यवाद, आपले पैसे मिळाले.'

अकरा वाजून सात मिनिटांनी फोन आला.

"नमस्कार. मी तुमचा थकबाकीदार बोलतोय," सर म्हणाले. आवाज अगदी शांत होता. गणिताचे मास्तर फळ्याकडे तोंड करून उभे असतात आणि मागे कोण बोलतंय हे त्यांना माहीत असतं, तेव्हा असतो तसा. "मी एका महिन्यात तीनदा पैसे दिलेत. तिसऱ्यांदा तर न देता दिलेत."

मी चाचरत म्हणालो, "सर, आपण तेरा तारखेच्या मेसेजनंतर एक फोन केला असता तर..."

"तुम्हीच लिहिलंत ना दुर्लक्ष करावे म्हणून? केलं दुर्लक्ष. त्याचे पाचशे अठ्ठ्याऐंशी रुपये ब्याऐंशी पैसे झाले."

मी त्यांच्याकडे तीन नंबर मागितले. स्क्रीनशॉट मागितला नाही. स्क्रीनशॉटमध्ये हिरवी खूण मोठी दिसते आणि जे हवं ते नेमकं खालून कापलं गेलेलं असतं. मी मागितला प्रत्येक व्यवहाराचा आरआरएन. हा बारा आकडी नंबर बँकेच्या मेसेजमध्ये किंवा यूपीआयच्या तपशिलात असतो, आणि तो सरांच्या बँकेला, मधल्या गेटवेला आणि मला, तिघांनाही एकच असतो. कुणाची बाजू न घेणारा या प्रकरणातला तो एकटा. सरांनी तिन्ही नंबर फळ्यावर लिहिल्यासारखे सावकाश सांगितले.

पहिला नंबर गेटवेत घातला. निकाल, अयशस्वी. म्हणजे सरांच्या बँकेने पैसे कापले, पण कापले असा निरोप वाटेत हरवला. गेटवेने वाट बघितली आणि फाइल बंद केली. पैसे माझ्याकडे आले नाहीत आणि सरांकडेही राहिले नाहीत. अशा पैशांसाठी रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये नियम केला आहे. व्यवहाराचा दिवस अधिक पाच दिवस, त्याच्या आत बँकेने ते आपण होऊन परत जमा करायचे. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये ग्राहकाला भरपाई. हे मी सरांना सांगितलं.

"पाच दिवस म्हणजे कामाचे की कॅलेंडरचे?"

"कॅलेंडरचे."

"बारा अधिक पाच, सतरा. ठीक आहे. सतरानंतर रोज शंभर." सरांच्या आवाजात पहिल्यांदाच थोडी उमेद आली.

तिसरा नंबर सोपा होता. तो माझा रिट्राय, यशस्वी, पैसे माझ्याकडे. पण दुसरा नंबर घातला आणि माझ्या हातातला चहा तसाच राहिला. यशस्वी. बारा वाजून दोन मिनिटांनी. पैसे दोन दिवस माझ्याच खात्यावर जमेला होते आणि मी सरांना थकबाकीदार म्हणत होतो.

पैसे आले की गेटवे माझ्या सर्व्हरला निरोप देतो. दार वाजवतो म्हणा. माझ्या सर्व्हरने "मिळाला" असं म्हणायचं, मग तो जातो. मी त्या दिवसाची नोंदवही उघडली.

```
12:02  payment.captured  500
12:07  payment.captured  500
12:37  payment.captured  500
```

शेवटचा ५०० हा आकडा म्हणजे रुपये नव्हेत. माझ्या सर्व्हरने दिलेलं ते उत्तर आहे, आणि त्याचा अर्थ 'मी कोलमडलो' असा आहे. गेटवे आला, मी कोलमडलो. पाच मिनिटांनी आला, परत कोलमडलो. अर्ध्या तासाने, मग दोन तासांनी, मग रात्री. चोवीस तास तो थोडं थोडं अंतर वाढवत माझ्या दारात येत राहिला. अगदी शिस्तीत. म्हणजे त्याचंही रिट्रायचं वेळापत्रक होतं, माझ्यापेक्षा कितीतरी बरं, आणि न उचलणारा ग्राहक मी होतो. शेवटी दमून त्याने मला ईमेल केला होता की आपला पत्ता उत्तर देत नाही. तो मी पाहिला होता. गेटवेचे ईमेल फार येतात. मी दुर्लक्ष केलं होतं.

कोलमडायचं कारण मॅडमचा फोननंबर. पैसे कुणाचे आले हे मी फोननंबरावरून ओळखत होतो. लिंकच्या पोटात बिलाचा नंबर असतो, तो न बघता. मॅडमनी पैसे भरताना स्वतःचा नंबर घातला, माझ्या यादीत तो नव्हता, आणि नाव सापडलं नाही की काय करायचं हे मी लिहायलाच विसरलो होतो. काका असते तर त्यांनी वहीत लिहिलं असतं, 'बार्शीच्या मास्तरांच्या मंडळींकडून आले.' दुकानात बाईने पैसे आणून दिले की ते नवऱ्याच्या खात्यात जमा होतात, हे किराणा दुकानातल्या पोऱ्यालाही कळतं. माझ्या प्रोग्रॅमला चार वर्षांत कळलं नव्हतं.

तिसरे पैसे मी त्याच दिवशी परत पाठवले. परतीलाही कार्डावर पाच-सात कामाचे दिवस लागतात. "कापायला दोन सेकंद आणि द्यायला सात दिवस? हे कुठलं प्रमाण?" असं सरांनी विचारलं, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. परतीचा तेवीस आकडी एआरएन नंबर मात्र मी त्यांना पाठवला, तो दाखवला की बँकेला माग काढता येतो. पहिले पैसे सोळा तारखेला बँकेने आपण होऊन परत केले. एक दिवस आधीच. सरांनी तसं कळवलं. मेसेज कोरडा होता. शंभराचं गणित फुकट गेल्याची खंत त्यात होती, असं मला तरी वाटलं.

त्या रविवारी मी दोन बदल केले. निरोप आला की आधी "मिळाला" म्हणायचं, निरोप जसाच्या तसा वहीत उतरवायचा, आणि कुणाचा आहे ते मग सावकाश बिलाच्या नंबरावरून बघायचं. नाही सापडलं तर मला सांगायचं, कोलमडायचं नाही. आणि कुठलाही रिट्राय करण्याआधी गेटवेला एकदा विचारायचं, या बिलाचे पैसे दुसऱ्या वाटेने आलेत का? दार वाजवण्याआधी खिडकीतून डोकवायचं, एवढंच. दहा ओळींचं काम होतं.

तिसरा बदल सरांनी करायला लावला. ते म्हणाले, "ते दुर्लक्ष करावे वाक्य काढा. माझ्या पालकांनाही तुमचं सॉफ्टवेअर तेच पाठवतं. ज्याने भरली आहे तो दुर्लक्ष करतो आणि ज्याने भरली नाही तोही दुर्लक्ष करतो. मग मेसेज वाचतो कोण?"

काय लिहावं यावर आमची दोघांची फोनवर बैठक झाली. शेवटी ठरलं: 'फी आमच्याकडे जमा दिसत नाही. भरली असल्यास कृपया कळवावे.' 'थकली' नाही, 'दिसत नाही.' दिसत नाही म्हणजे आमची नजरही अधू असू शकते. सर खूश झाले. मी तो मजकूर सगळ्याच क्लासच्या मेसेजला लावून टाकला. कुठे कळवावे, हे लिहायचं राहिलं. तिथे सॉफ्टवेअरने आपोआप मदतीचा नंबर घातला, आणि मदतीचा नंबर माझा आहे.

पहिला फोन सोमवारी रात्री पावणेदहाला आला. मी जेवत होतो.

"हॅलो, मी फी भरलेली आहे," बाई ठणकावून म्हणाल्या. मागे कुकरची शिट्टी झाली.

कुठल्या क्लासची, कुणाची, किती, मला काही ठाऊक नव्हतं. बायकोने भात वाढता वाढता माझ्याकडे पाहिलं.

"हो ताई, भरली असणारच," मी म्हणालो. "आकडा किती दिसतोय तेवढं सांगता का? पैशांसकट."